फोनवरून दोन ओळींत उत्तर देताना ते तुटक वाटू नये म्हणून काय करायचं

मी बेळगावात उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत डिस्पॅच आणि कस्टमरचा पत्रव्यवहार बघतो. पत्रव्यवहार म्हणजे काय, दिवसभर फेटलिंग, म्हणजे कास्टिंग घासून साफ करायचं काम, आणि पॅकिंगच्या मधे उभं राहून एका हातानं फोनवर टाइप करायचं. टेबलावर बसून मेल लिहायला मिळतो तो संध्याकाळी सहानंतर, आणि तोवर पुण्याच्या पर्चेसवाल्याचा दिवस संपलेला असतो. त्यामुळं उत्तरं छोटीच जाणार, त्याला इलाज नाही, आणि छोटं उत्तर वाईट असतं असं मला वाटतही नाही. पण ते तुटक कधी वाटतं आणि कधी वाटत नाही हे कळायला मला बरीच वर्षं लागली, ते इथं नीट लिहून ठेवतो, आपल्या भागात फोनवरूनच धंदा करणारे खूप आहेत त्यांच्या उपयोगी पडेल.

आधी ज्या उत्तरानं मला शिकवलं ते सांगतो. सोमवारी सकाळी अकरा-दहाला पुण्याच्या एका कस्टमरकडनं मेल आला. त्यात तीन गोष्टी होत्या. हाउसिंग नावाच्या कास्टिंगचे 240 नग बुधवारी सकाळपर्यंत पोचतील का, मागच्या लॉटमधले ब्लोहोलमुळं, म्हणजे धातूत राहिलेल्या हवेच्या पोकळीमुळं, रिजेक्ट झालेले 6 नग बदलून कधी मिळणार, आणि त्या लॉटचं टेस्ट सर्टिफिकेट अजून आलेलं नाही. मी फर्नेसजवळ होतो, मेल वरवर बघितला आणि लिहिलं:

"हो. उद्या पाठवतो."

माझ्या डोक्यात टीसी होतं, म्हणजे टेस्ट सर्टिफिकेट, कारण मेलमधलं शेवटचं वाक्य तेच होतं आणि तेच डोळ्यांपुढं राहिलं होतं. त्यांनी काय वाचलं? 240 नग उद्या संध्याकाळी निघणार. आमच्याकडनं रात्री गाडी सुटली की निपाणी, कोल्हापूर, सातारा करत सकाळी पुण्यात पोचते, त्यामुळं त्यांचा हिशेब बरोबर बसला आणि त्यांनी बुधवारी सकाळी मशिनवर आमच्या हाउसिंगचं सेटिंग लावून ठेवलं. गाडी आली नाही. फोन आला, जे ऐकून घ्यायचं ते ऐकून घेतलं, पण शेवटी ते साहेब एक वाक्य बोलले ते माझ्या मनात राहिलं. म्हणाले, तुमचं उत्तर बघून मला शंका आली होती हो, पण इतकं तुटक लिहिलं होतं की परत विचारावं असं वाटलंच नाही, म्हटलं माणूस वैतागलेला दिसतोय.

तुटक उत्तराचं खरं नुकसान हे आहे. समोरच्याला वाईट वाटतं तो भाग वेगळा, पण तो पुढचा प्रश्न गिळून टाकतो, आणि त्या प्रश्नातच आपली चूक पकडली जाणार असते.

आपल्याला स्वतःचं उत्तर तुटक का वाटत नाही याचं कारण सोपं आहे, लिहिताना आपला आवाज आपल्या कानात चालू असतो. मी "हो, उद्या पाठवतो" हे हसतमुखानं म्हटलं होतं, पण ते हसू मेलमधनं जात नाही. यावर अमेरिकेत 2005 साली जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली आणि त्यांच्या साथीदारांचा एक अभ्यास छापून आला होता. त्यात लोकांना काही वाक्यं मेलवरनं पाठवायला लावली, काही गंभीरपणे म्हटलेली, काही टोमणा म्हणून. पाठवणाऱ्यांचा अंदाज होता की समोरच्याला शंभरातल्या 78 वेळा आपला सूर कळेल, प्रत्यक्षात कळला 56 वेळा, म्हणजे नाणं उडवण्यापेक्षा थोडंसंच बरं. तेव्हा "त्यांना कळेल की" या भरवशावर राहायचं नाही.

लिहायच्या आधी मेल शेवटपर्यंत खाली ओढायचा

फोनच्या स्क्रीनवर मेलच्या सात-आठ ओळी दिसतात, त्यातही आधीचा मजकूर तीन टिंबांच्या मागं दडलेला असतो. ती टिंबं दाबून उघडायची, शेवटपर्यंत जायचं आणि समोरच्यानं किती गोष्टी विचारल्यात ते बोटावर मोजायचं. प्रश्नचिन्ह शोधून भागत नाही, कारण आपली माणसं प्रश्न विचारताना प्रश्नचिन्ह देतातच असं नाही, "टीसी अजून आलेलं नाही" हासुद्धा प्रश्नच आहे. तीन गोष्टी असतील तर उत्तरात तीन ओळी. एकीचं उत्तर माहीत नसलं तरी तिची ओळ असलीच पाहिजे, नाहीतर ती तुम्ही वाचलीच नाही असं दिसतं, आणि माझ्या अनुभवानं निष्काळजीपणाचा शिक्का बसतो तो स्पेलिंगच्या चुकीमुळं नाही तर यामुळं बसतो.

याच वेळी वरती मेल कुणाकुणाला गेलाय ते बघायचं. फोनवर अंगठा सवयीनं साध्या रिप्लायवर जातो आणि सीसीतला प्लॅनिंगवाला सुटतो. मग पर्चेसला माहीत आणि प्लॅनिंगला नाही, आणि तो बिचारा संध्याकाळी परत तेच विचारतो, त्यावर आपण चिडून "सकाळी कळवलंय" लिहितो. चूक आपलीच असते.

कशाबद्दल, काय, कधी

आता उत्तर. मी प्रत्येक ओळीत तीन गोष्टी घालतो, कशाबद्दल बोलतोय, काय होणार, कधी होणार. हे तीन आले की ओळ चार-पाच शब्दांची असली तरी तुटक वाटत नाही. यातलं एक गळालं की मग तुम्ही वर "आदरणीय" लिहा नाहीतर खाली हात जोडलेला इमोजी टाका, ते कोरडंच वाटतं.

कशाबद्दल ते सांगताना समोरच्यानं वापरलेला शब्दच उचलायचा. त्यांनी हाउसिंग म्हटलं तर आपणही हाउसिंग, आपल्या शॉपवर त्याला काहीही म्हणत असू दे. त्यांचा शब्द परत दिसला की त्यांना कळतं, मेल वाचला गेलाय. आभार मानून हे जितकं कळत नाही तितकं या एका शब्दानं कळतं.

आणि कधी. "लवकरच", "लगेच", "आज-उद्याकडं" हे शब्द बोलताना ठीक आहेत, लिहिल्यावर त्यांना काही वजन राहत नाही. वार आणि वेळ लिहायची. "उद्या" एकटा लिहायचा नाही, कारण मेल दुसऱ्या दिवशी सकाळीसुद्धा वाचला जातो आणि मग त्याचा उद्या आणि तुमचा उद्या वेगळा होतो. "उद्या मंगळवारी संध्याकाळी 6" असं लिहिलं की विषय संपला.

आता तो सोमवारचा मेल परत घेऊया. त्या वेळी खरी परिस्थिती अशी होती की 240 पैकी 180 नग शॉट ब्लास्टिंग होऊन तयार होते, उरलेल्या 60 चं फेटलिंग बाकी होतं, रिजेक्शनचे 6 नग वेगळे काढून ठेवले होते, आणि टीसी लॅबकडनं दुपारी चारला मिळणार होतं. हे सगळं मला तिथं उभ्या उभ्या माहीत होतं. मी लिहायला पाहिजे होतं ते असं:

"नमस्कार साहेब,
हाउसिंग: 180 तयार आहेत, उद्या मंगळवारी संध्याकाळी 6 च्या गाडीनं निघतील. उरलेले 60 शुक्रवारच्या गाडीनं.
रिजेक्शनचे 6: उद्याच्याच गाडीत, वेगळ्या पेटीत.
टीसी: आज 4 पर्यंत मेल करतो.
180 वर बुधवारचं काम चालेल का, तेवढं सांगा."

टाइप करायला दोन मिनिटं लागतात, मी मोजून बघितलंय. शेवटची ओळ बघा, ती मुद्दाम आहे. जिथं आपण त्यांनी मागितलं त्यापेक्षा कमी देतोय तिथं शेवटी एक प्रश्न ठेवायचा, म्हणजे त्यांना बोलायला दार उघडं राहतं. माझ्या मूळ उत्तरात ते दारच बंद होतं.

ओळी वेगळ्या ठेवायच्या हेही महत्त्वाचं, सलग लिहिलं तर तो पुण्याचा साहेबही फोनवरच वाचणार आणि त्याच्याही नजरेतनं मधलं काहीतरी सुटणार.

आपल्याकडची बोली कागदावर कशी दिसते

हा भाग आपल्या सीमाभागातल्या लोकांसाठी खास, कारण इथं जे गोड वाटतं ते पुण्या-मुंबईच्या वाचणाऱ्याला कधी कधी टोचतं, आणि ते का टोचलं हे दोघांनाही कळत नाही.

पहिला आपला "की". "पाठवलंय की", "सांगितलोय की", "होय की". बेळगावात, खानापुरात, निपाणीत, अगदी कोल्हापुरातही हा "की" म्हणजे आपुलकी आहे, काळजी करू नका असं म्हणायची पद्धत आहे. पण ज्याच्या कानाला ती चाल ठाऊक नाही तो "टीसी पाठवलंय की" हे वाचताना "पाठवलंय ना, दिसत नाही का" असं वाचतो. मी स्वतः हे एका बाईंना लिहिलं होतं आणि त्यांचं उत्तर आलं, "माफ करा, मला मिळालं नव्हतं म्हणून विचारलं." मला वाईट वाटलं, कारण माझ्या मनात तसं काहीच नव्हतं. आता मी लिहितो, "टीसी काल दुपारी पाठवलंय, परत एकदा सोबत जोडतो." की काढला आणि त्या जागी परत जोडायचं काम घातलं. बोलताना मात्र की सोडायचं काही कारण नाही.

दुसरं, "पाठवायलोय", "भरायलोय". आपल्याकडं याचा अर्थ आत्ता चालू आहे. बाहेरचा माणूस त्यातला "पाठवायला" एवढंच वाचतो आणि अजून पाठवायचंय असं समजतो. तिथं सरळ "गाडी भरणं चालू आहे, तासाभरात सुटेल" लिहायचं.

तिसरा शब्द "बघतो", आणि त्याचा भाऊ "बघूया". बोलताना "बघतो" म्हणजे मी यात लक्ष घालतो. लिहिलेला "बघतो" म्हणजे टाळलं. दहा वर्षं पर्चेसमध्ये काढलेल्या माणसाला "बघतो" आला की त्याचा अर्थ नाही असाच लावायची सवय झालेली असते. मी हा शब्द फोनवरनं लिहिणं बंदच केलंय, त्याच्या जागी काय बघणार आणि कधी सांगणार ते लिहितो: "पॅटर्न शॉपला विचारतो, दुपारी 3 पर्यंत सांगतो."

चौथं, कन्नडचं. आपल्याकडं ट्रान्सपोर्टवाल्याशी, लॅबशी दिवसभर कन्नडमधनं बोलणं असतं, तिथं "हौद्री" म्हटलं की एका शब्दात होकारही आला आणि "री"मधनं आदरही आला. मराठीतल्या एकट्या "हो"ला तो आदराचा शेपूट नाही. बोलताना आपण आवाजानं भरून काढतो, लिहिताना काढता येत नाही, म्हणून मराठीत एकटा "हो" पाठवायचा नाही. "हो साहेब, 180 नगच" एवढं तरी लिहायचं.

आणि तक्रार न वाटता तक्रार करायची जागा. "ड्रॉइंग मिळालं नाही." हे वाक्य व्याकरणानं निर्दोष आहे, पण वाचणाऱ्याला ते बोट दाखवल्यासारखं वाटतं. "ड्रॉइंग माझ्याकडं दिसत नाही, परत पाठवता का?" असं लिहिलं की तेच काम होतं आणि दोष कुणाचा हा प्रश्नच येत नाही. "पाठवा" आणि "पाठवता का" यात फक्त एका शब्दाचा फरक आहे, फोनवरसुद्धा तो परवडतो. तेच इंग्रजीत, चेन्नईच्या कस्टमरला लिहिताना, "सेंड ड्रॉइंग" एवढंच लिहिलं तर हुकूम होतो, कारण "पाठवा"मधला आदराचा काना इंग्रजीत जाताना गळून पडतो. तिथं "कॅन यू" ने सुरुवात करायची. "प्लीज डू द नीडफुल" मात्र नको, त्यात नक्की काय करायचं ते कुठंच नसतं.

एका शब्दाच्या उत्तरापुढचा पूर्णविराम हीसुद्धा एक गोष्ट आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन विद्यापीठात 126 विद्यार्थ्यांवर यावर अभ्यास झाला होता, तो 2016 साली छापला गेला. एका शब्दाच्या टेक्स्ट मेसेजपुढं पूर्णविराम असला की तो वाचणाऱ्यांना कमी मनापासूनचा वाटला, हातानं लिहिलेल्या चिठ्ठीत मात्र तसा फरक पडला नाही. तो अभ्यास इंग्रजीचा आणि तरुण मुलांचा आहे, पण व्हॉट्सअ‍ॅपवर "ठीक." आला की माझ्याही पोटात जरा गोळा येतो. मेलमध्ये पूर्णविराम हवेतच, व्हॉट्सअ‍ॅपवर एका शब्दापुढं नको.

नमस्कार किती घालायचा

यावर जास्त लिहायची गरज नाही. दिवसाच्या पहिल्या उत्तराला "नमस्कार साहेब" किंवा "नमस्कार मॅडम", त्यानंतर त्याच विषयावर मागं-पुढं चालू असेल तर नुसतं काम. प्रत्येक ओळीला नमस्कार घातला तर तोही यंत्रासारखा वाटतो. आपल्या आजोबांच्या पोस्टकार्डावर "सा. न. वि. वि." असायचं आणि शेवटी "क. लो. अ. ही वि.", म्हणजे आखडतं घेणं आपल्याकडं जुनंच आहे, जागा कमी होती म्हणून त्यांनी नमस्कार आखडला, पण कोण कधी कुठल्या गाडीनं येणार ते पूर्ण लिहिलं. फोनवर आपण बरोबर उलटं करतो.

माहीत नसेल तेव्हा, आणि नाही म्हणायचं असेल तेव्हा

माहीत नसलं की माणूस गप्प बसतो, आधी माहिती काढू मग उत्तर देऊ असं म्हणतो, आणि चार तास जातात. समोरच्याच्या दृष्टीनं ते चार तास म्हणजे बेपर्वाई. अशा वेळी एक ओळ लगेच पाठवायची: "मेल बघितला. 60 नगांचं फेटलिंगवाल्यांना विचारतोय, 3 पर्यंत सांगतो." यात वेळ देताना ती आपल्याला झेपेल अशीच द्यायची, मी मनात येईल त्यात एक तास वाढवून लिहितो.

आणि आता या सगळ्यातला सगळ्यात कठीण भाग, तीन वाजले आणि अजून कळलेलं नाही. तरीसुद्धा तीनला लिहायचं. "3 ला सांगतो म्हटलं होतं, अजून नक्की नाही, शिफ्ट बदलताना कळेल, 5:30 ला लिहितो." ही ओळ लिहायला लाज वाटते म्हणून लोक लिहीत नाहीत, पण पर्चेसवाला या ओळीवर जितका विश्वास ठेवतो तितका गोड बोलण्यावर ठेवत नाही. मी दिलेल्या वेळेच्या दहा मिनिटं आधीचा अलार्म फोनमध्ये लावतो आणि अलार्मच्या नावात कस्टमरचं नाव टाकतो, डोक्यात ठेवत नाही.

नाही म्हणताना आपल्याकडं दोन टोकं दिसतात. एक "नाही जमत" म्हणून संपवायचं, दुसरं आठ ओळी कारणं द्यायची, लाइट गेली, कामगार यात्रेला गेले, वाळू आली नाही. पहिलं तुटक आणि दुसरं रडगाणं. फोनवरनं नाही म्हणताना तीन तुकडे पुरतात, काय जमणार नाही, एकच कारण, आणि काय जमेल. "गुरुवारी 240 होणार नाहीत, कोअर आज संध्याकाळी मिळतायत. शुक्रवारी रात्री सगळे 240 एकदम निघतील, किंवा गुरुवारी 100 आणि शनिवारी उरलेले. कुठलं सोयीचं?" कारण एकच द्यायचं आणि खरं द्यायचं, दोन कारणं दिली की वाचणारा कुठलं खोटं आहे ते शोधायला लागतो.

आकड्यांचं वेगळं बघायचं

अक्षर चुकलं तर लोक समजून घेतात, फोनवरनं लिहिलंय हे त्यांनाही दिसतं. आकडा चुकला तर समजून घेत नाहीत. मी हातमोजे काढायचा कंटाळा करून बोलून टाइप करायचो, त्यात मराठी आकड्यांचा गोंधळ होतो, त्रेचाळीसचं त्रेपन्न होतं, दीडशे आणि अडीचशे कधी अक्षरात येतात कधी आकड्यात, आणि शॉपच्या आवाजात तर काहीही ऐकू जातं. म्हणून वाक्य बोलून टाकलं तरी आकडे अंगठ्यानंच टाइप करायचे, आणि पाठवायच्या आधी फक्त आकडे वाचायचे, वाक्य नाही. नग, वार, वेळ, पीओचे शेवटचे आकडे. दहा सेकंदांचं काम आहे.

गेलाच चुकून, तर व्हॉट्सअ‍ॅपवर 15 मिनिटांपर्यंत मेसेज दुरुस्त करता येतो, पण समोरच्यानं आधीचा वाचला असेल तर गुपचूप दुरुस्त करू नका. त्यानं 180 वहीत लिहून घेतलेलं असतं आणि तो परत वर जाऊन बघत नाही. नवीन ओळ टाकायची: "वरचा आकडा चुकला. 180 नाही, 160 नग." माफीची एक ओळ घालायची असेल तर घाला, दोन नको.

फोनमध्ये एकदा करून ठेवायच्या गोष्टी

मेलखाली आपोआप येणारी ओळ आधी बघा. आयफोनवर "Sent from my iPhone" असते, आउटलुकच्या अ‍ॅपमध्ये "Get Outlook for Android". ती काढून तिथं आपलं नाव, विभाग आणि फोन नंबर टाकायचा. जीमेलच्या अँड्रॉइड अ‍ॅपमध्ये Settings मध्ये जाऊन आपला अकाउंट निवडला की Mobile signature दिसतं. कॉम्प्युटरवर सही टाकलेली असली तरी ही वेगळी टाकावी लागते, बऱ्याच जणांना हे माहीत नसतं आणि त्यांचे फोनवरचे मेल वर्षानुवर्षं बिननावाचे जात असतात. मी नावाखाली एक ओळ ठेवलीय, "दिवसा शॉपवर असतो, फोनवरून थोडक्यात लिहितो. काही राहिलं असेल तर बिनधास्त विचारा." त्यातलं शेवटचं वाक्य त्या बुधवारनंतर घातलं.

दुसरं, कीबोर्डमधले शॉर्टकट. जीबोर्डच्या सेटिंगमध्ये Dictionary, त्यात Personal dictionary, तिथं भाषा निवडून शब्द आणि त्याचा शॉर्टकट टाकता येतो, मग शॉर्टकट टाइप केला की वरच्या पट्टीत पूर्ण मजकूर येतो, तो दाबायचा. आयफोनवर Settings, General, Keyboard, Text Replacement. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस वापरत असाल तर त्यात Quick replies आहेत, / टाइप केलं की यादी उघडते. पण यात काय साठवायचं ते नीट ठरवा. मी नमस्काराची ओळ, कंपनीचा पत्ता, जीएसटी नंबर आणि "हाउसिंग: / रिजेक्शन: / टीसी:" असा रिकामा सांगाडा साठवतो. "आपली विनंती मिळाली, लवकरच कळवतो" असली तयार वाक्यं साठवत नाही. एकाच माणसाला तेच वाक्य तिसऱ्यांदा गेलं की त्याला कळतं, आणि तुटक उत्तरापेक्षाही ते जास्त लागतं. जीमेल खाली जी तयार दोन-तीन शब्दांची उत्तरं सुचवतं तीही याच कारणानं मी दाबत नाही, त्यात कशाबद्दल आणि कधी हे दोन्ही नसतं.

तिसरं, पाठवल्यावर जीमेलमध्ये खाली काही सेकंद Undo दिसतं. मेल सोडल्यावर फोन लगेच खिशात घालायचा नाही, ते जाईपर्यंत स्क्रीनकडं बघत राहायचं. जोडलेली फाइल विसरलीय हे माझ्या बहुतेक वेळा त्याच क्षणाला लक्षात येतं.

कधी टाइप करायचं नाही

पैशाचा वाद, रिजेक्शनची जबाबदारी कुणाची, आणि समोरच्यानं चिडून लिहिलेला मेल, या तिन्हीला मी फोनवरनं मजकुरानं उत्तर देत नाही. तिथं कितीही जपून लिहिलं तरी दोन ओळी कमी पडतात आणि वाचणारा आधीच वाईट अर्थ लावायच्या तयारीत असतो. फोन लावतो, बोलतो, आणि बोलून झालं की गाडीपाशी उभा राहूनच तीन ओळी मेल करतो: "आत्ता बोलल्याप्रमाणे, 6 नगांचं मशिनिंग तुमच्याकडं धरायचं, कास्टिंग आम्ही बदलून देतो, मंगळवारच्या गाडीत. काही वेगळं ठरलं असेल तर आजच सांगा." इथं थोडक्यात चालतं, कारण सूर आधी आवाजातनं गेलेला असतो आणि मेलला फक्त ठरलेलं लिहून ठेवायचं काम उरतं.

फोन उचलला नाही तर "फोन केला होता" एवढं लिहून सोडू नका, त्यानं समोरच्याच्या मनात उगाच धाकधूक होते. "रिजेक्शनबद्दल बोलायचं होतं, घाई नाही, 4 नंतर कधीही करा" असं लिहायचं.